भेटूया की निवांत

एप्रिल आला की माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लाल शाईचा डाग पडतो. साबणानं तो जात नाही, लिंबानं जरा फिका होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तसा. दहावीचे पेपर तपासायचे हे दिवस. सत्तावीस वर्षं मी मराठीच्या उत्तरपत्रिका तपासतेय, त्यामुळे आमच्या घरात चैत्र कॅलेंडरवर दिसण्याआधी माझ्या बोटावर दिसतो. नवरा बँकेतून निवृत्त झाल्यापासून टीव्हीसमोर असतो. तिथूनच मान न वळवता तो विचारतो, "लागली काय ड्युटी?" मी "हो" म्हणते. त्या दिवसाचं आमचं बोलणं बहुतेक तेवढंच असतं.

केंद्र बेळगावातल्याच एका जुन्या शाळेत असतं. दगडी भिंती, उंच छत आणि लांब दांडीचे पंखे. पंखा जोरात लावला तर पेपर उडतात, कमी केला तर आम्ही शिजतो, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी वजन ठेवलेलं असतं. कुणाचा डबा, कुणाची पाण्याची बाटली, एका सरांची तर कायम मोटारसायकलची किल्ली. मोबाइल सकाळी दारात पिशवीत घालून द्यायचे, ते संध्याकाळी परत मिळतात. गठ्ठ्याची दोरी सोडली की धूळ, शाई आणि कुठल्यातरी मुलीच्या हाताला लागलेलं खोबरेल असा मिळून एक वास येतो. मला तो आवडतो, हे मी कुणाला सांगत नाही.

यंदा माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक नवी शिक्षिका आहे. चांगली पोरगी आहे. "मॅडम, पाणी आणू काय?" असं दर तासाला विचारते, बेरीज चुकली तर लाजते. तिचा दोष एवढाच की ती सुनंदा नाही.

सुनंदा निपाणीची. तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायची. तिची माझी ओळख याच खुर्च्यांवर झाली. वर्षातून दहा-बारा दिवस ती एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. त्या मानानं ओळख बेताचीच होती. मग एका एप्रिलमध्ये महामार्गाचं काम निघालं आणि निपाणीच्या बसला दीडाच्या जागी तीन तास लागायला लागले. ती दुसऱ्या दिवशी उशिरा आली, साडीवर धूळ, डोळे लाल. मी तिला म्हटलं, "उद्या येताना चार साड्या घेऊन ये. ड्युटी संपेपर्यंत माझ्याकडं राहा." तिनं दोनच आणल्या. म्हणाली, "धुऊन वाळवंन की. एप्रिल हाय." तो सगळा एप्रिल ती आमच्याकडे राहिली. आज मला जो एप्रिल म्हणून आठवतो, तो तोच.

संध्याकाळी केंद्रातून सुटलो की आम्ही चालत घरी यायचो. खानापूरकडच्या बायका कोपऱ्यावर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या असायच्या. सुनंदा एक करवंद हातात घेऊन उन्हाला धरायची आणि आत लाल निघणार की पांढरं ते आधीच सांगायची. निम्म्या वेळा चुकायची, पण सांगायची मोठ्या अधिकारानं, जसं काही तिच्याच घरचं झाड आहे. घरी माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिचं आडनाव विचारलं आणि मग जरा गप्प झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनंदाला ते कळलं होतं, तिनं दाखवलं नाही. चौथ्या दिवशी ती करवंदांपाशी मागे रेंगाळली, तर सासूबाईच म्हणत होत्या, "ती निपाणीची अजून आली न्हाई काय गं? फणस कापायचा थांबलाय."

गच्चीवर पाणी मारून आम्ही बसायचो. बेळगावचा उन्हाळा संध्याकाळी हात सोडतो, वारा सुटतो, आणि माणूस आपोआप बोलायला लागतं. तिची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि शेजारी सुनंदा पाटी घेऊन. "आमच्या घरात पुस्तकालासुद्धा तंबाखूचा वास यायचा," ती सांगायची. "वर्गात बाई म्हणायच्या, कुणाच्या दप्तरातनं वास येतोय गं? मी आपली हात वर करून मोकळी." ती हे सांगताना हसायची. मग मला विचारायची, "आणि तुझं?" तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला सासरी येऊन बरीच वर्षं झाली होती, सगळं नीट चाललं होतं, आणि त्या घरात "मला कंटाळा आलाय" हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं ते तिच्यापाशी. ती म्हणाली, "व्हय, दिसतंय की." एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की मी रडले. ते दिसल्याचंही तिनं दाखवलं नाही.

नंतरच्या वर्षांत रस्ता झाला, ती पुन्हा ये-जा करायला लागली. पण ड्युटीतला एक शनिवार ती हक्कानं आमच्याकडे राहायची. वर्षभर आम्ही एकमेकींना फार फोन करत नव्हतो. करायची गरजच नव्हती. एप्रिल येणार होता, ऑर्डर निघणार होती, खुर्च्या मांडल्या जाणार होत्या. आमची मैत्री सरकारी वेळापत्रकावर चालायची, आणि आम्हाला वाटायचं की ती आमच्या जिव्हाळ्यावर चालतेय.

चार वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी केंद्राच्या दारात, मोबाइलची पिशवी उघडून सगळे आपापला फोन शोधत होते, त्या गर्दीत मी तिला म्हटलं, "आता काय, तू मोकळी. आता भेटूया की निवांत." तीही म्हणाली, "तर काय! आता काय एप्रिलची वाट बघायची?" आम्ही दोघी मनापासून बोललो होतो. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की आम्ही वरवरचं बोललो.

हा 'निवांत' आणि त्याचा सख्खा भाऊ 'कधीतरी', या दोघांनी माझं काय केलं हे समजायला मला चार वर्षं लागली. मास्तरीण असूनही.

पहिली गोष्ट म्हणजे, "भेटूया" असं म्हटलं की भेटल्यासारखंच वाटतं. पहिल्या दसऱ्याला मी तिला मेसेज केला, "लई दिवस झाले गं, भेटूया कधीतरी." तिचं उत्तर आलं, "नक्की नक्की." आणि मला आतून छान वाटलं. आठवण काढली, ती पोचली, उत्तर आलं. जे काम करायचं राहिलं होतं ते झाल्यासारखं वाटून मी कणीक मळायला गेले. खरं तर झालं काहीच नव्हतं. मनातली टोचणी तेवढी गेली होती, आणि मला बसमध्ये चढवणारी तीच एक गोष्ट होती.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे. "कधीतरी" असं दोघींनी म्हटलं की पुढचं पाऊल कुणाचं हे ठरत नाही. मला वाटायचं, ती निवृत्त आहे, वेळ तिच्याकडे आहे, ती कळवेल. तिला वाटत असणार, ही नोकरीत आहे, सवड हिला बघायचीय, ही कळवेल. दोघी एकमेकींचा मान राखून बसलो. रविवारचा बेत ठरवून मी गेले नसते, तर सोमवारी फोन करून माफी मागितली असती, ती रुसली असती, मी समजूत काढली असती, आणि त्या निमित्तानं अर्धा तास बोलणं झालं असतं. मोडलेला बेतसुद्धा माणसांना जवळ ठेवतो. पण जो ठरलाच नाही तो मोडत नाही, आणि जो मोडला नाही त्याबद्दल कुणी कुणाला काय विचारायचं?

पेपर तपासताना आम्हाला पहिल्या दिवशी बजावतात की उत्तर चुकलं असेल तर शून्य लिहा, पण समास रिकामा सोडू नका. शून्याची बेरीज होते, रिकाम्या जागेची होत नाही. "नाही जमणार" हे शून्य आहे. ऐकताना लागतं, पण पुढे जाता येतं. "बघूया कधीतरी" हा रिकामा समास आहे. वर्षानुवर्षं तो तसाच राहतो, आणि कुणी चूक केली असं कुठं लिहिलेलंही नसतं.

हे शहाणपण मला यंदाच्या ड्युटीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नव्हतं, बरं का. तोवर मी आपली तिच्यावरच रुसले होते. निवृत्त झाली आणि विसरली. निपाणी काय परदेशात आहे? सणाला फुलांचं चित्र पाठवते, त्यावर कुणीतरी छापलेलं 'शुभ सकाळ', स्वतःचा एक शब्द नाही. नव्या शिक्षिकेनं एकदा सहज विचारलं, "मॅडम, तुमच्या मैत्रीण होत्या ना हितं? त्या येत न्हाईत काय भेटायला?" मी म्हटलं, "लोकं बदलतात गं." आणि फार सोसल्यासारखा चेहरा केला.

त्याच दुपारी पत्रलेखनाचा प्रश्न समोर आला. परगावच्या मैत्रिणीला भेटीस बोलावणारं पत्र लिहायचं होतं. आमच्या सूचनापत्रात गुणांची विभागणी दिलेली असते, आणि भेटीचा दिवस, वेळ आणि ठिकाण नसेल तर एक गुण कापायचा असतो. एकामागून एक पत्रं आली. "तू सुट्टीत कधीतरी ये, आपण खूप मजा करू." कापला. "सवडीने अवश्य भेट." कापला. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, "बुधवारी सकाळच्या दहाच्या बसने ये, मी स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी उभी असेन, पिवळा ड्रेस." तिला मी पूर्ण गुण दिले. मग पुढची पत्रिका ओढली आणि लाल पेन तसंच धरून बसले. एवढ्या वर्षांत पोरांचे किती गुण कापले असतील, आणि मी स्वतः सुनंदाला काय लिहिलं होतं? तेच. शब्दाला शब्द तेच.

संध्याकाळी फोन हातात आल्यावर मी केंद्राच्या पायरीवरच बसले आणि तिचे मेसेज मागे मागे सरकवत गेले. फुलं, दिवे, रांगोळ्या, पुन्हा फुलं. पुष्कळ मागे गेल्यावर तिचे स्वतःचे शब्द दिसले. दोन वर्षांपूर्वीचा एक मंगळवार, सकाळी साडेअकरा.

"आज बेळगावात आलेय. डोळ्याच्या डॉक्टरकडं. दोनला मोकळी होईन. पाचच्या बसनं जाणार. तुझ्या शाळेकडं येऊ काय?"

दिवस होता, वेळ होती, ठिकाण होतं. पूर्ण गुण.

खाली माझं उत्तर. "अगं वा! आज जरा गडबड आहे. भेटूया की निवांत कधीतरी."

त्याखाली तिचं, "व्हय व्हय. कर तुझी कामं." आणि त्यानंतर फुलं सुरू झाली होती.

मला हे आठवतही नव्हतं. मी कितीतरी वेळ ते वाचत बसले. विसरली कोण, ती की मी? कसली गडबड होती म्हणून घरी येऊन त्या वर्षीची शाळेची डायरी काढली. मंगळवार दुपार, शेवटचे दोन तास मोकळे. पानावर काही नाही. बहुधा मी त्या दिवशी दमलेली असेन, बहुधा साडी चुरगळली होती, बहुधा मला वाटलं असेल की घाईघाईत दोन तास कशाला, भेटायचं तर नीट निवांत भेटू. चांगलं भेटायचं म्हणून मी साधं भेटणं टाळलं. तिनं दार वाजवलं आणि मी आतून फार प्रेमानं ओरडले, "ये की कधीतरी!"

आणि ती परत का विचारणार होती? पहिल्यांदा विचारायला काही लागत नाही. पण 'कधीतरी' ऐकल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे मागे लागणं. निपाणीच्या ज्या पोरीनं वर्गात हात वर करून 'वास माझ्या दप्तराचा' असं सांगितलं, ती कुणाच्या मागे लागेल? तिनं विचारणं थांबवलं, आणि मला त्याचा पत्ताच नाही, कारण मी थोडीच नाही म्हणाले होते. मी तर हो म्हणाले होते.

मग मी लिहायला बसले. "तुझी फार आठवण येते" लिहिलं आणि पुसलं, कारण त्यावर ती काय करणार? "तुला कधी सवड आहे?" तेही पुसलं, कारण ते पुन्हा तिच्याच गळ्यात पडत होतं. त्या शनिवारी केंद्राला सुट्टी होती. शेवटी लिहिलं, "शनिवारी निपाणीला येते. साडेबाराला स्टँडवर उतरेन. जमत नसेल तर रविवारी, त्याच वेळी." पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. 'नाही' असं उत्तर आलं, तर ते खरंखुरं 'नाही' असणार होतं. दीड दिवसानं उत्तर आलं, "ये की. शनिवारी."

शनिवारी बसच्या खिडकीतून हत्तरगी गेली, संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट उतरला. निपाणीत शिरताना वखारींतल्या तंबाखूचा वास आला. सुनंदा स्टँडवर आली नव्हती. तिचा भाऊ आला होता. म्हणाला, "आक्काला गर्दीत जरा अडचण होतीया. घरी चला."

घर स्वच्छ, थंड. ती दारात उभी होती, वाळलेली, केस पांढरे. माझ्याकडे बघायला तिनं सगळी मान वळवली तेव्हा मला समजलं. जेवण झाल्यावर, भाऊ बाहेर गेल्यावर, मी विचारलं, "डोळ्याला काय झालंय गं?"

"काचबिंदू. उजव्यातलं गेलं, ते परत येत न्हाय म्हणं. डावा संभाळायचा. रोज थेंब घालायचे." तिनं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

"कधी कळलं?"

खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, ते आताही जमलं नाही. "त्या मंगळवारी. तुला मेसेज केल्तं बघ. आत जायच्या आधी केल्तं. डॉक्टरनी आत घेतलं, तपासलं, सांगितलं. भायेर आले तवा तुझं उत्तर आलंतं."

"मग तू लगेच घरी गेलीस?"

"न्हाय. पाचच्या बसनंच गेले. घरी सांगितलंतं, मैत्रिणीकडं जाऊन येते. लवकर गेले असते तर इचारलं असतं, का गं, भेटली न्हाय व्हय? म्हणून स्टँडवर बसले तीन तास."

"सुनंदा, मला माफ कर," मी म्हटलं.

"कशाची माफी? तू न्हाय कुठं म्हटलंतंस?" ती खरंच रागात नव्हती. रागात असती तर मी पाय धरले असते, भांडले असते, काहीतरी करता आलं असतं. तिनं चहा टाकला. मग आम्ही गप्पा मारल्या, माझ्या मुलीच्या, महागाईच्या, केंद्रातल्या किल्लीवाल्या सरांच्या. सगळं छान झालं, पाहुण्यांशी होतं तसं. "आणि तुझं?" असं तिनं एकदाही विचारलं नाही. मी आपण होऊन एकदा म्हटलं, "हल्ली घरात बोलायला कुणी न्हाय गं." ती म्हणाली, "सगळ्यांचं तसंच हाय," आणि कप उचलून आत नेले.

चारच्या बससाठी निघाले तेव्हा ती माझा दंड धरून कोपऱ्यापर्यंत आली. तिचा हात हलका होता. रिक्षा थांबली. मला तसं जायचं नव्हतं. मी विचारलं, "परत कधी येऊ?"

"ये की कधीतरी."

"तसं नको. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार चालेल? तारीख सांग, मी येते. खरंच येते."

तिनं मान पुरती वळवून डाव्या डोळ्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या दंडावरचा हात काढला.

"तारीख नको गं," ती म्हणाली. "तारीख दिली की मी वाट बघते."